सरासरी ५४३ की ४९०? अंशतः विक्रीनंतरच्या शेअर विवरणपत्राची पडताळणी : एक प्रकरण

नाशिकच्या एका निवृत्त शिक्षिका गेल्या वर्षी ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात आपल्या शेअरचे विवरणपत्र आणि एक लांबट हिशेबाची वही घेऊन माझ्याकडे आल्या. त्या मला शाळेत गणित शिकवत असत, त्यामुळे मी त्यांना अजूनही बाई म्हणतो. त्यांची अडचण एकाच ओळीची होती. वाहनांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कंपनीचे १०० शेअर त्यांच्या खात्यात शिल्लक होते. ब्रोकरच्या विवरणपत्रात त्यांची खरेदी सरासरी ५४३ रुपये छापलेली होती, आणि बाईंच्या वहीत तीच सरासरी ४९० रुपये होती. "अरे, शेअर तेच, पैसे तेच, मग त्रेपन्न रुपयांचा फरक आला कुठून?" असे त्यांनी विचारले. बाईंचा प्रश्न अगदी योग्य होता; मात्र त्याचे उत्तर एक नव्हते, दोन होती, आणि ती दोन्ही एकमेकांत गुंतल्यामुळे नुसत्या नजरेने फरक उलगडत नव्हता.

विवरणपत्र ३० सप्टेंबर २०२५ अखेरचे होते. त्या ओळीत शेअरची संख्या १००, सरासरी ५४३, गुंतवणूक ५४,३००, बाजारभाव ५७०, सध्याचे मूल्य ५७,०००, नफा २,७०० आणि टक्केवारी ४.९७ असे आकडे होते. बहुतेक लोक करतात तीच पडताळणी बाईंनी आधी करून पाहिली होती. १०० गुणिले ५४३ म्हणजे ५४,३००. ५७,००० वजा ५४,३०० म्हणजे २,७००. आणि २,७०० भागिले ५४,३०० म्हणजे ४.९७ टक्के. सगळे जुळत होते, आणि म्हणूनच त्या गोंधळल्या होत्या. पण हा गुणाकार-भागाकार संगणकानेच केलेला असतो आणि त्यात तो सहसा चुकत नाही. एकदा सरासरी चुकीची धरली गेली की गुंतवणूक, नफा आणि टक्केवारी हे तिन्ही आकडे त्या चुकीशी इमानाने सुसंगत राहतात. विवरणपत्राची ओळ त्याच ओळीतल्या आकड्यांनी तपासली तर छपाईची चूक कळेल, सरासरीची कळणार नाही. सरासरी तपासायची असेल तर विवरणपत्राबाहेरच्या कागदांकडे, म्हणजे मूळ व्यवहारांकडे जावे लागते.

बाईंच्या वहीत हे व्यवहार तारखेनिशी होते. दलाली आणि कर बाजूला ठेवून ते येथे देतो.

| तारीख | व्यवहार | शेअर | भाव (रु.) | रक्कम (रु.) |
|---|---|---|---|---|
| १२ जून २०२३ | खरेदी | १०० | ४२० | ४२,००० |
| ९ फेब्रुवारी २०२४ | खरेदी | ६० | ५६० | ३३,६०० |
| २० ऑगस्ट २०२४ | विक्री | ८० | ६५० | ५२,००० |
| १४ जानेवारी २०२५ | खरेदी | ७० | ५१० | ३५,७०० |
| १० जून २०२५ | विक्री | ५० | ६०० | ३०,००० |

पहिले काम संख्येचे. २३० शेअर घेतले, १३० विकले, १०० उरले. डीमॅट खात्यातही १०० होते. संख्या जुळेपर्यंत सरासरीला हात लावू नये, कारण संख्याच जुळत नसेल तर मध्ये बोनस, शेअरचे विभाजन किंवा सुटलेली नोंद असते आणि पुढचा सगळा हिशेब वाया जातो.

आता वहीतले ४९० कसे आले ते पाहू. बाईंनी प्रत्येक खरेदीनंतर नवी सरासरी काढली होती आणि विक्रीच्या वेळी शेअर त्याच सरासरीने वजा केले होते. पहिल्या दोन खरेदींचे ७५,६०० भागिले १६० म्हणजे ४७२.५०, असे निळ्या शाईत व्यवस्थित मांडलेले होते. त्यातून ८० शेअर गेल्यावर उरलेल्या ८० शेअरची किंमत ३७,८०० राहिली. त्यात जानेवारीतले ३५,७०० मिळवून १५० शेअरचे ७३,५०० झाले, म्हणजे सरासरी ४९०. जूनमध्ये ५० शेअर विकले तरी या पद्धतीत उरलेल्यांची सरासरी हलत नाही, म्हणून शेवटी ४९०. हिशेब म्हणून यात एकही चूक नव्हती. उरलेल्या शेअरवरचा नफा त्यानुसार ८,००० रुपये, म्हणजे १६.३३ टक्के होता.

परंतु आपल्याकडे डीमॅट खात्यातल्या शेअरचा भांडवली नफा काढताना ही पद्धत चालत नाही. या विक्रींना लागू असलेल्या प्राप्तिकर अधिनियम, १९६१ च्या कलम ४५(२ए) नुसार जे शेअर खात्यात आधी आले ते आधी विकले गेले असे धरावे लागते. ही पद्धत सगळे जण फिफो या नावाने ओळखतात, आणि केंद्रीय प्रत्यक्ष कर मंडळाच्या २४ जून १९९८ च्या परिपत्रक क्रमांक ७६८ मध्ये ती स्पष्ट करून सांगितली आहे. विवरणपत्राखाली बारीक अक्षरांत हीच पद्धत वापरल्याचा उल्लेख होता. त्या रीतीने पाहिले तर ऑगस्टमध्ये विकलेले ८० शेअर पहिल्या, ४२० रुपयांच्या खेपेतले होते आणि त्या खेपेतले २० उरले. जूनमधल्या ५० शेअरपैकी २० त्याच खेपेतले आणि ३० फेब्रुवारी २०२४ च्या, ५६० रुपयांच्या खेपेतले होते. आज हातात असलेले १०० शेअर म्हणजे ५६० चे ३० आणि ५१० चे ७०. त्यांची किंमत १६,८०० अधिक ३५,७००, म्हणजे ५२,५००, आणि सरासरी ५२५.

येथे बाईंचे पहिले समाधान झाले. स्वस्तातले शेअर आधी निघून गेले की मागे महागातले उरतात, म्हणून विक्रीनंतर सरासरी वर जाते, एरवी "विकल्यावर खरेदीचा भाव वाढतो कसा?" हा प्रश्न फार लोकांना पडतो आणि ते ब्रोकरला दोष देतात. पण ४९० वरून ५२५ पर्यंतचे ३५ रुपये पद्धतीतल्या फरकाने समजले, तरी ५२५ पासून ५४३ पर्यंतचे १८ रुपये उरतच होते, आणि ते कोणत्याही पद्धतीने येत नव्हते.

अशा वेळी मी एक वेगळी कसोटी लावतो. सरासरी कोणत्याही पद्धतीने काढली तरी त्या कंपनीत आजवर एकूण किती कमावले किंवा गमावले हा आकडा बदलू शकत नाही, कारण तो फक्त खिशातून गेलेल्या आणि खिशात आलेल्या पैशांवर ठरतो. विक्रीचे पैसे ८२,०००, हातातल्या शेअरचे आजचे मूल्य ५७,०००, मिळून १,३९,०००. त्यातून खरेदीचे एकूण १,११,३०० वजा केले की २७,७०० उरतात. विक्रीतून बुक झालेला नफा आणि उरलेल्या शेअरवरचा कागदावरचा नफा यांची बेरीज २७,७०० आलीच पाहिजे. पद्धत फक्त एवढेच ठरवते की या २७,७०० पैकी किती रक्कम पहिल्या कप्प्यात जाईल आणि किती दुसऱ्या.

वहीतल्या पद्धतीने बुक झालेला नफा ऑगस्टचा १४,२०० आणि जूनचा ५,५००, मिळून १९,७०० होता. त्यात ८,००० मिळवले की २७,७००. फिफोने ऑगस्टचा १८,४०० आणि जूनचा ४,८००, मिळून २३,२००. त्यात ४,५०० मिळवले की पुन्हा २७,७००. दोन्ही जुळले. मग ब्रोकरच्या संकेतस्थळावरून दोन्ही आर्थिक वर्षांचे भांडवली नफ्याचे अहवाल उतरवून घेतले. त्यांत ऑगस्टचा नफा १८,४०० आणि जूनचा ३,०००, मिळून २१,४०० होता; त्यात विवरणपत्रातले २,७०० मिळवले तर २४,१०० होतात. २७,७०० ला ३,६०० कमी पडत होते. बेरीज जुळली नाही, म्हणजे प्रश्न पद्धतीचा नाही. कुठली तरी नोंदच चुकलेली आहे, हे येथे पक्के झाले.

तुटीचा आकडा हाच पुढचा माग असतो. तो प्रत्येक खेपेच्या संख्येने भागून पाहावा. ३,६०० ला १०० ने भागले तर ३६ येतात, ७० ने भागले तर पूर्णांक येत नाही, आणि ६० ने भागले तर बरोबर ६० रुपये येतात. ऑगस्टच्या विक्रीत पहिल्या खेपेची किंमत ब्रोकरनेही ४२० च धरली होती, तेव्हा संशय साहजिकच ६० शेअरच्या दुसऱ्या खेपेवर गेला. भांडवली नफ्याच्या अहवालात जूनच्या विक्रीच्या दोन ओळी होत्या. पहिल्या ओळीत २० शेअर, खरेदी १२ जून २०२३, भाव ४२०. दुसऱ्या ओळीत ३० शेअर, खरेदी २ जुलै २०२४, भाव ६२०. वहीत २ जुलै २०२४ ला कसलीच खरेदी नव्हती.

ती तारीख मी मोठ्याने वाचली तेव्हा बाईंना आठवले. हे ६० शेअर त्यांनी दुसऱ्या एका ब्रोकरकडच्या जुन्या डीमॅट खात्यात घेतले होते, आणि ते खाते बंद करताना ऑफ-मार्केट ट्रान्सफरने, म्हणजे बाजारात न विकता थेट खात्यातून खात्यात, येथे आणले होते. खात्याच्या व्यवहार विवरणात त्याच दिवशी ६० शेअर जमा झाल्याची नोंद होती. डीमॅट खाती सांभाळणाऱ्या डिपॉझिटरीकडे, मग ती एनएसडीएल असो वा सीडीएसएल, शेअरची संख्या आणि खात्यात येण्या-जाण्याची तारीख यांची नोंद असते. ते तुम्ही कोणत्या भावाने विकत घेतले हे तिला ठाऊक नसते. शेअर एका ब्रोकरकडून दुसऱ्याकडे गेले की संख्या जाते, भाव मागे राहतो. नव्या ब्रोकरच्या प्रणालीला काहीतरी भाव भरणे भाग असते. काही ठिकाणी शून्य भरला जातो, काही ठिकाणी जागा रिकामी ठेवून खातेदाराला विचारले जाते, आणि काही ठिकाणी हस्तांतराच्या दिवसाचा बंद भाव खरेदीभाव म्हणून धरला जातो. येथे तिसरा प्रकार झाला होता. ५६० च्या जागी ६२० लागले, आणि ६० शेअरवर प्रत्येकी ६० रुपये जास्त खर्च दिसू लागला. शून्य भरला असता तर नफा इतका अवास्तव फुगला असता की बाईंनी त्याच दिवशी फोन केला असता. ६२० हा भाव शक्यतेच्या कक्षेत बसणारा होता, म्हणून तो सव्वा वर्ष कोणाच्या डोळ्यांवर आला नाही.

आता या एका चुकीचे वजन पाहू. ६० पैकी ३० शेअर विकले गेले होते आणि ३० उरले होते. म्हणून ३,६०० च्या तुटीपैकी १,८०० रुपये जूनच्या बुक झालेल्या नफ्यातून गळले होते आणि १,८०० रुपये सध्याच्या नफ्यातून. ५२५ च्या जागी ५४३ आणि ८.५७ टक्क्यांच्या जागी ४.९७ टक्के, ही तर दिसणारी बाजू. न दिसणारी बाजू मला अधिक गंभीर वाटली. सूचिबद्ध शेअर १२ महिन्यांपेक्षा जास्त काळ जवळ असतील तर नफा दीर्घकालीन ठरतो. २ जुलै २०२४ ही खरेदीची तारीख धरल्यामुळे १० जून २०२५ ची विक्री बारा महिन्यांच्या आत पडली, आणि अहवालाने त्या ३० शेअरवर ६०० रुपयांचा अल्पकालीन तोटा दाखवला. वास्तविक ते शेअर ९ फेब्रुवारी २०२४ पासून बाईंच्याच मालकीचे होते. मालक बदलला नाही तर निव्वळ खाते बदलल्याने धारणकाळ नव्याने सुरू होत नाही. म्हणजे तेथे १,२०० रुपयांचा दीर्घकालीन नफा होता. रक्कम किरकोळ आहे, पण हेच शेअर तीन हजार असते तर एक लाख वीस हजारांच्या दीर्घकालीन नफ्याऐवजी साठ हजारांचा खोटा अल्पकालीन तोटा करविवरणात गेला असता.

येथे एक बारकावा सांगणे आवश्यक आहे. शेअर कोणत्या क्रमाने बाहेर गेले हे ठरवताना त्या परिपत्रकानुसार खात्यात आल्याची तारीख पाहतात, आणि प्रत्येक डीमॅट खाते वेगळे धरतात. किंमत आणि धारणकाळ मात्र मूळ खरेदीचे लागतात. या प्रकरणात ६० शेअर २ जुलैला आले तरी क्रमांकाने दुसरेच राहिले, त्यामुळे ५२५ हा आकडा बदलला नाही. तेच शेअर जानेवारी २०२५ नंतर आले असते, तर रांगेत ते ७० शेअरच्या मागे उभे राहिले असते आणि जूनमध्ये ५१० चे शेअर आधी गेले असते. म्हणून खात्यात आल्याची तारीख आणि खरेदीची तारीख या दोन्ही हाताशी लागतात.

सध्याच्या मूल्याची तपासणी लवकर संपली. ५७० हा ३० सप्टेंबरचा राष्ट्रीय शेअर बाजारातला बंद भाव होता आणि तो बाजाराच्या दैनिक भावपत्रकाशी जुळला. मुंबई शेअर बाजारातला बंद भाव काही पैशांनी वेगळा असतो, आणि मोबाइलवर दिसतो तो त्या क्षणाचा भाव असतो; मूल्यात थोडासा फरक दिसला तर आधी बाजार आणि तारीख पाहावी.

टक्केवारीबाबत मात्र थोडे थांबावे लागेल. बाईंनी स्वतःच विचारले की २७,७०० हा एकूण नफा खरा असेल तर दुरुस्त सरासरीनेही नुसते साडेआठ टक्केच का दिसतात. कारण ती टक्केवारी फक्त हातात उरलेल्या १०० शेअरची आहे. विकून पदरात पडलेले २३,२०० तिच्यात नाहीत. याच्या उलट टोकाची पद्धतही मी पाहिली आहे. विक्रीचे ८२,००० एकूण खरेदीतून वजा करायचे, उरलेल्या २९,३०० ला १०० ने भागायचे आणि आपली सरासरी २९३ झाली असे मानायचे. तसे केले तर नफा ९४.५४ टक्के दिसतो. या २९३ ला एक अर्थ आहे: उरलेले शेअर या भावाला विकले तरी सगळ्या व्यवहारांत मिळून मुद्दल सुटेल. पण तो खरेदीभाव नव्हे, आणि त्यावर काढलेली टक्केवारी कशाशीही तुलना करण्याच्या कामाची नाही. पूर्ण प्रवासाचा परतावा हवा असेल तर प्रत्येक रक्कम किती दिवस गुंतलेली होती हे मोजावे लागते. त्यासाठी स्प्रेडशीटच्या एका रकान्यात तारखा आणि दुसऱ्यात रकमा मांडल्या. खरेदी ऋण, विक्री धन, आणि शेवटी ३० सप्टेंबरच्या तारखेला ५७,००० धन.

```
=XIRR(B2:B7,A2:A7)
```

उत्तर वार्षिक पावणेबावीस टक्क्यांच्या आसपास आले. ८.५७ आणि पावणेबावीस हे दोन्ही आकडे बरोबर आहेत. पहिला उरलेल्या शेअरचा, दुसरा लावलेल्या पैशाचा. त्यांची आपसांत तुलना मात्र करू नये.

दलाली आणि करांचा भाग मी वर बाजूला ठेवला होता, तो येथे घेतो. खरेदीवर दलाली, रोखे व्यवहार कर आणि मुद्रांक शुल्क लागते. काही ब्रोकर सरासरीत हे खर्च धरतात, काही नुसता भाव धरतात. डिलिव्हरीच्या खरेदीवर रोखे व्यवहार कर ०.१ टक्के असतो, म्हणजे ५१० च्या शेअरवर ५१ पैसे. मुद्रांक शुल्क ०.०१५ टक्के, म्हणजे जेमतेम ८ पैसे. दलाली माफक असेल तर खर्चामुळे सरासरीत पडणारा फरक अशा शेअरला रुपया-दोन रुपयांच्या पलीकडे सहसा जात नाही. १८ रुपयांचा फरक "खर्चामुळे असेल" म्हणून सोडून देता येत नाही तो याच कारणाने. भांडवली नफ्याच्या हिशेबात दलाली आणि मुद्रांक शुल्क वजा मिळते, रोखे व्यवहार कर मिळत नाही. कागदावरच्या आणि करविवरणातल्या नफ्यात थोडा फरक पडण्याचे तेही एक कारण आहे.

दुरुस्तीसाठी पुरावा लागणार होता. बाईंच्या फाइलमध्ये जुन्या ब्रोकरची ९ फेब्रुवारी २०२४ ची कॉन्ट्रॅक्ट नोट, म्हणजे व्यवहाराची पावती, टाचणी लावून ठेवलेली सापडली. तिच्यावर ६० शेअर आणि ५६० चा भाव स्पष्ट होता. ती नोट आणि जुन्या खात्यातून ६० शेअर बाहेर गेल्याचे डिपॉझिटरीचे विवरण, असे दोन कागद नव्या ब्रोकरकडे पाठवले. त्या ब्रोकरकडे बाहेरून आलेल्या शेअरचा खरेदीभाव आणि तारीख खातेदाराने भरण्याची सोय होतीच. ती कोणी दाखवून दिली नव्हती. नोंद बदलल्यावर दुसऱ्या दिवशी सरासरी ५२५, गुंतवणूक ५२,५००, आणि ५७० च्या भावाने नफा ४,५०० निघाला. भांडवली नफ्याचा अहवाल पुन्हा उतरवून घेतला. दुसरी ओळ आता ९ फेब्रुवारी २०२४, ५६०, दीर्घकालीन, १,२०० अशी होती. आधी उतरवलेला अहवाल आपोआप बदलत नाही, म्हणून जुनी प्रत करविवरणाच्या फाइलमधून काढून टाकली. बुक झालेला नफा २३,२०० आणि कागदावरचा ४,५००, मिळून २७,७००.

बाईंनी वहीतले ४९० खोडले नाहीत. शेजारी ५२५ लिहून त्यापुढे "करासाठी" अशी नोंद केली, आणि डावीकडे "खात्यात आल्याची तारीख" असा नवा रकाना आखला. त्याची गरज पुढेही पडेल. ही दुरुस्ती ब्रोकरच्या नोंदीत झाली आहे, डिपॉझिटरीत नाही. उरलेले ३० शेअर उद्या आणखी एका खात्यात नेले, तर ५६० हा भाव पुन्हा मागेच राहील आणि तीच कॉन्ट्रॅक्ट नोट पुन्हा पाठवावी लागेल.